कचऱ्याचे ७२ टक्के नेमके गेले कुठे?

शहराच्या कचऱ्याविषयीच्या प्रत्येक अहवालात एक टक्केवारी हमखास असते. ‘एकूण कचऱ्यापैकी इतक्या टक्क्यांवर प्रक्रिया होते’ असे एक वाक्य, आणि त्यापुढे साठ, सत्तर किंवा नव्वदच्या घरातला आकडा. नळाच्या पाण्याचा रंग बदलला, वास आला तर घरातल्या कुणालाही कळते. कचऱ्याचा आकडा मात्र नागरिक मुकाट्याने मान्य करतात, कारण तो तपासायचा कसा हे कुणी सांगितलेले नसते. वास्तविक त्यासाठी लागते ते फक्त वजनकाट्याच्या पावत्या आणि शाळेत शिकलेली टक्केवारी.

हा हिशेब तपासण्याचे कारण आरोग्याचे आहे. जानेवारी २०१६च्या अखेरीस मुंबईतील देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर पूर्व उपनगरांवर अनेक दिवस रेंगाळला आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अहवालात कोणता आकडा छापला होता याच्याशी अशा आगीला देणेघेणे नसते. डेपोवर प्रत्यक्षात किती ओला आणि किती जळाऊ कचरा येऊन पडला, यावर ती अवलंबून असते. ओला कचरा ढिगाखाली हवेशिवाय कुजला की मिथेन वायू तयार होतो, आणि त्याला प्लॅस्टिक, कापड, कागद यांची जोड मिळाली की ठिणगीचेच काम उरते. डेपोची जागा, त्यावर टाकायची माती, झिरपणारे घाण पाणी अडवण्याची सोय हे सारे ‘किती कचरा येणार’ या अंदाजावर आखलेले असते. तो अंदाज फुगवलेल्या टक्केवारीवर बेतला, तर चूक कागदावर राहत नाही. डेपोशेजारच्या वस्तीच्या श्वासात उतरते.

आधी दोन शब्द वेगळे करायला हवेत, कारण निम्मा घोटाळा तिथेच होतो. पहिला शब्द डायव्हर्जन रेट. गोळा झालेल्या एकूण कचऱ्यापैकी किती कचरा डेपोवर न जाता दुसरीकडे वळला, त्याचे हे प्रमाण. दुसरा शब्द रिसायकलिंग रेट. एकूण कचऱ्यापैकी किती कचरा खरोखर नव्या वस्तूचा कच्चा माल झाला, त्याचे हे प्रमाण. ओल्या कचऱ्याचे खत बहुतेक हिशेबांत या दुसऱ्या दरातच धरतात. तसे धरले असेल तर ते सांगायला हवे. सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळलेला सुका कचरा डेपोवर गेला नाही हे खरे, म्हणून तो पहिल्या दरात बसतो. पण जळलेल्या प्लॅस्टिकची बादली होत नाही, म्हणून दुसऱ्या दरात तो बसत नाही. रिसायकलिंग रेट त्यामुळे डायव्हर्जन रेटपेक्षा मोठा कधीच असू शकत नाही. आपल्याकडचा ‘प्रक्रिया’ हा शब्द इतका ऐसपैस आहे की त्यात दोन्ही दर मावतात, आणि वाचणाऱ्याला मोठा आकडा लहान आकड्याच्या अर्थाने वाचायला मिळतो.

आता एक कल्पित नगर परिषद घेऊ. गाव साधारण चाळीस हजार वस्तीचे. घंटागाड्या ओला व सुका कचरा वेगळा आणतात, काही प्रभागांतून मात्र तो मिसळूनच येतो. प्रकल्पाच्या दारात वजनकाटा आहे. ३० दिवसांच्या एका महिन्यात काट्यावर एकूण ३६० टन कचऱ्याची नोंद झाली. त्यातला १८० टन ओला कचरा खत प्रकल्पाकडे गेला, ८० टन सुका कचरा वर्गीकरणाच्या शेडमध्ये गेला आणि १०० टन मिश्र कचरा थेट डेपोवर रिकामा झाला. महिनाअखेरच्या अहवालात बेरीज सोपी होती. १८० अधिक ८० म्हणजे २६०. ३६० पैकी २६० म्हणजे ७२ टक्के. ‘गावातील ७२ टक्के कचऱ्याचे रिसायकलिंग’ असे वाक्य तयार झाले.

या वाक्यात एकही वजन खोटे नाही. चूक आहे ती वजन कुठे घेतले यात. २६० टन हे प्रकल्पाच्या दारातून आत गेलेले वजन आहे. आत गेलेल्याचे पुढे काय झाले, हे दाराबाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या पावत्या सांगतात, आणि त्या अहवालात कुणी जोडल्याच नाहीत.

त्या पावत्या काढल्या तर चित्र असे दिसते. खत प्रकल्पात आलेल्या १८० टनांतून प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या, थर्माकोल, काचेचे तुकडे असा २७ टन नको असलेला माल निवडून डेपोवर पाठवला गेला. म्हणजे खतासाठी खरोखर वापरला गेला १५३ टन. शेडमध्ये आलेल्या ८० टनांपैकी पुठ्ठा, कागद, बाटल्या, पत्रा, काच असा २६ टन माल भंगार व्यापाऱ्याने वजन करून, पैसे देऊन उचलला. २२ टन हलके प्लॅस्टिक आणि कापड गठ्ठे बांधून सिमेंट कारखान्याकडे इंधन म्हणून गेले. याला व्यवहारात आरडीएफ म्हणतात. २० टन ओलसर, मळलेला, कुणालाच नको असलेला माल डेपोवर गेला. उरलेला १२ टन माल, मुख्यतः चिप्सच्या पाकिटांसारखी अनेक पदरी वेष्टने, शेडच्या कोपऱ्यात पडून आहे.

आता दर काढू. डेपोपासून खरोखर वळलेला कचरा म्हणजे खताचे १५३, विक्रीचे २६ आणि इंधनाचे २२, मिळून २०१ टन. ३६० ने भागले की डायव्हर्जन रेट येतो जेमतेम ५६ टक्के. रिसायकलिंगसाठी इंधन वगळायचे. १५३ अधिक २६ म्हणजे १७९ टन, दर सुमारे ५० टक्के. आणि खतही बाजूला ठेवून फक्त सुक्या मालाचे विचारले, तर ३६० पैकी २६, म्हणजे ७ टक्क्यांच्या आसपास. तेच गाव, तोच महिना, त्याच पावत्या. आणि आकडा ७२, ५६, ५० किंवा ७. शेवटचे तिन्ही आकडे खरे आहेत, अट एवढीच की प्रत्येकावर त्याचे योग्य नाव लिहिलेले असावे. पहिल्या आकड्याला मात्र ‘प्रकल्पाच्या दारापर्यंत पोचलेला कचरा’ याखेरीज दुसरे नाव देता येत नाही.

हा फरक डेपोच्या बाजूने पाहिला की त्याचे वजन कळते. ७२ टक्क्यांवर विश्वास ठेवणारा अधिकारी धरून चालेल की डेपोवर महिन्याला १०० टन कचरा येतो. प्रत्यक्षात मिश्र कचऱ्याचे १००, खत प्रकल्पाचे २७ आणि शेडचे २० मिळून १४७ टन येतो. जवळपास दीडपट. पंधरा वर्षे पुरेल म्हणून घेतलेली जागा याच वेगाने दहा-साडेदहा वर्षांत भरेल, आणि तेव्हा ‘लोकसंख्या वाढली’ हे कारण सांगितले जाईल.

हिशेब बरोबर आहे की नाही, याची एक साधी कसोटी आहे. आत आलेले वजन म्हणजे वळलेले, डेपोवर गेलेले आणि शिल्लक, या तिघांची बेरीज. इथे २०१ अधिक १४७ अधिक १२ बरोबर ३६०. ही बेरीज जुळत नसेल, तर टक्केवारीकडे पाहण्यात अर्थ नाही. शिल्लक मालाकडे विशेष लक्ष हवे. अनेक ठिकाणी डायव्हर्जन रेट उलट्या बाजूने काढतात: एकूण कचऱ्यातून डेपोवर गेलेला वजा करायचा आणि उरलेला वळला असे समजायचे. या रीतीने ३६० मधून १४७ वजा जाऊन २१३ उरतात आणि दर ५९ टक्के येतो. ५६ आणि ५९ मधला फरक म्हणजे कोपऱ्यात पडलेला तो १२ टनांचा ढीग. तो डेपोवर गेला नाही हे खरे, पण अजून कुठेच गेलेला नाही. किराणा दुकानदार महिन्याच्या सुरुवातीची आणि अखेरची शिल्लक मोजून विक्री ठरवतो. शेडचा हिशेबही तसाच ठेवायला हवा. नाहीतर तोच माल पावसात भिजून सहा महिन्यांनी डेपोवर जातो, आणि तोवर सहा अहवालांत ‘वळवलेला’ म्हणून मिरवून झालेला असतो.

खताच्या बाबतीत आणखी एक गल्लत होते. ओल्या कचऱ्यात पाणी भरपूर असते. कुजताना ते वाफ होऊन जाते, सेंद्रिय भागाचाही काही अंश कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत मिसळतो, आणि तयार खताचे वजन मूळ कचऱ्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. त्यामुळे खतासाठी वापरलेला कचरा मोजायचा की तयार खत, असा प्रश्न येतो. रूढ पद्धत आहे ती नको असलेला माल वजा करून, वापरलेला कचरा मोजण्याची. चूक होते ती दोन्ही मोजण्यात. १५३ टन कचऱ्यावर प्रक्रिया झाली आणि ‘शिवाय’ ३५ टन खत तयार झाले, असे लिहून दोन्हींची बेरीज केली की एकच कचरा दोनदा मोजला जातो. भाजीही मोजायची आणि तिची भरलेली पातेलीही, असा हा प्रकार.

इथवरच्या चुका अंशातल्या, म्हणजे वर लिहायच्या आकड्यातल्या. दुसऱ्या प्रकारच्या चुका भागाकाराच्या दोन्ही आकड्यांत नको ते मिसळल्याने होतात. सर्वांत सोयीचा पदार्थ म्हणजे बांधकामाचा राडारोडा. तो जड असतो आणि खड्डे भरायला लगेच वापरता येतो. आपल्या नगर परिषदेने त्याच महिन्यात ९० टन राडारोडा रस्त्याच्या भरावात टाकला असे समजू. तो कचऱ्यात धरला, की वळवलेला कचरा २०१ चा २९१ होतो, एकूण ३६० चा ४५० होतो आणि ५६ टक्क्यांचे जवळपास ६५ टक्के होतात. एकाही घराने कचरा वेगळा करायला सुरुवात केलेली नाही, डेपोवर जाणारे १४७ टन जिथल्या तिथे आहेत, तरी शहर नऊ टक्क्यांनी ‘सुधारले’. राडारोड्यासाठी २०१६ पासून आपल्याकडे स्वतंत्र नियम आहेत. त्याचा हिशेबही स्वतंत्रच हवा.

जुन्या डेपोवरचा ढीग उकरून चाळण्याचे, म्हणजे बायोमायनिंगचे काम चालू असेल तर हीच गफलत आणखी मोठी होते. तो कचरा मागच्या वीस वर्षांचा असतो. त्याचे वजन या महिन्याच्या प्रक्रियेत मिळवले आणि या महिन्याच्या गोळा केलेल्या कचऱ्याने भागले, तर दर शंभरावर जाऊ शकतो. शंभर टक्क्यांवरचा आकडा दिसला की चूक कुणालाही कळते. पण तीच भर थोडीशी असली आणि दर ८५ वर थांबला, तर ती कुणाच्या ध्यानात येत नाही.

भंगारवाल्यांचा आणि कचरावेचकांचा हिशेब अधिक नाजूक आहे. घराघरांतून रद्दी, बाटल्या, पत्रा थेट विकले जातात; ते घंटागाडीत येतच नाहीत, म्हणून काट्यावरही येत नाहीत. हे काम खरे आहे, आणि अनेक गावांत सुक्या कचऱ्याचा उत्तम भाग याच वाटेने रिसायकल होतो. त्याला आकड्यात जागा मिळावी ही अपेक्षा रास्त आहे. पण ती देताना दोन अटी पाळाव्या लागतात. भंगार दुकानांकडून महिन्याला ४० टनांचा अंदाज मिळाला, तर ते ४० वर मिळवायचे तसे खालीही मिळवायचे, कारण तो कचराही याच गावात निर्माण झाला. दोन्हीकडे मिळवले तर ४०० पैकी २४१, म्हणजे ६० टक्के. फक्त वर मिळवले तर ३६० पैकी २४१, म्हणजे ६७ टक्के. हे सात टक्के निव्वळ भागाकाराच्या चुकीचे. दुसरी अट अशी की तोललेला आकडा आणि अंदाजाचा आकडा एका रकान्यात लिहायचे नाहीत. अंदाज वेगळा दाखवला, तर पुढच्या वर्षी तो सुधारता येतो. मिसळला, तर नंतर वेगळा काढता येत नाही.

‘तोललेला’ हा शब्दही तपासूनच घ्यावा. काटा बंद असला की नोंद फेऱ्यांवरून होते: गाडीची क्षमता गुणिले फेऱ्या. ओल्या कचऱ्याची गाडी भरली की जड होते; सुक्या कचऱ्याची गाडी काठोकाठ भरूनही हलकीच असते. पाऊण टन क्षमतेच्या गाडीत सुका कचरा जेमतेम ०.४ टन बसत असेल, तर २०० फेऱ्यांत येतो ८० टन; क्षमतेने मांडला तर तो १५० टन दिसतो. चूक दोन्ही कचऱ्यांत सारखी नसते, म्हणून टक्केवारीत ती वजा होऊन जात नाही. दुसरी बाब रिकाम्या गाडीच्या वजनाची. ते दर फेरीला घ्यायला हवे. गाडी खरेदीच्या कागदावरचे वजन वर्षानुवर्षे वापरले, तर नंतर बसवलेला पत्रा, तळाशी साचलेला चिखल आणि पावसाचे पाणी हे सारे कचरा म्हणून मोजले जाते. पावसाळ्यात ओला कचरा स्वतःच अधिक पाणी धरतो. त्यामुळे जुलैच्या आकड्याची तुलना मेशी न करता मागच्या जुलैशी करावी.

या चुका फक्त आपल्याकडच्या नव्हेत. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने १९८९च्या कायद्याने शहरांना निम्मा कचरा डेपोपासून वळवण्याचे बंधन घातले. तिथे डेपोवरच्या कचऱ्यावर रोज एक थर पसरावा लागतो. मातीऐवजी बागेतला पालापाचोळा पसरला, तर तो ‘वळवलेला’ धरला जाई. पाला जाई डेपोवरच, तिथेच कुजे, आणि कागदावर मात्र वळलेला असे. ही सवलत काढण्याचा कायदा २०१४ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. युरोपीय संघाने २०१८ मध्ये नियम बदलून ठरवले, की रिसायकलिंगचे वजन गोळा करताना धरायचे नाही. निवडून, नको असलेला भाग काढून, पुनर्प्रक्रियेच्या यंत्रणेत प्रत्यक्ष जाणारे वजन धरायचे. त्या मापाने आपल्या गावाचे विक्रीचे २६ टनही कमाल मर्यादाच ठरतात, कारण भंगार व्यापाऱ्याकडून पुढे गेलेल्या मालातूनही ओल, माती, बुचे आणि लेबले वजा होतात. मोजण्याची जागा कचरागाडीपासून कारखान्याकडे जितकी सरकते, तितका आकडा लहान आणि खरा होत जातो.

लहान आकडा लाजिरवाणा वाटतो, म्हणून मोठा छापला जातो. परंतु त्यात नुकसान त्या विभागाचेच आहे. ७२ टक्क्यांच्या आकड्यात आपल्या नगर परिषदेला काय करायचे ते दिसत नाही. १४७ टनांच्या फोडीत ते लगेच दिसते. त्यातला १०० टन मिश्र कचरा ठरावीक प्रभागांतून येतो. तिथे शेडमधली यंत्रे वाढवून काही होणार नाही, गाडीवरच वेगळा कचरा घेण्याची सक्ती हवी. खत प्रकल्पातून निघणारा २७ टन नको असलेला माल म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्यात पडणाऱ्या पिशव्या. शेडमधला २० टन मळका माल म्हणजे ओल्याला लागून खराब झालेला कागद, जो वेगळा राहिला असता तर विकला गेला असता. १२ टनांचा ढीग हा घेणारा न मिळालेल्या वेष्टनांचा आहे, आणि त्याचे उत्तर गावात नसून ती वेष्टने बनवणाऱ्यांकडे मागायला हवे. चार वजने, चार वेगळी कारणे, चार वेगळे उपाय. एका टक्केवारीत हे चारही झाकले जातात.

म्हणून सभागृहात किंवा सोसायटीच्या बैठकीत कचऱ्याची टक्केवारी वाचली जाईल, तेव्हा तिच्याबरोबर चार आकडे टनांत मागावेत: महिन्यात एकूण आला किती, डेपोवर गेला किती, पावती देऊन कुणी नेला किती आणि शेडमध्ये शिल्लक किती. खतासाठी वापरलेला कचरा तिसऱ्या आकड्याशेजारी वेगळा लिहावा, जाळण्यासाठी दिलेला त्याहून वेगळा. या आकड्यांची बेरीज एकूण कचऱ्याइतकी आली, तर टक्केवारी कितीही लहान असो, ती मान्य करावी. बेरीज जुळली नाही, तर टक्केवारी बाजूला ठेवून आधी डेपोच्या दारातल्या काट्याची वही मागवावी.